पावडर आणण्याआधी लघवी तपासा

“वडील ६० वर्षांचे, शुगर आहे, क्रिएटिनिन १.४. प्रोटीन पावडर चालेल का?”

सध्या नको. १.४ रिपोर्टवर जेमतेम जास्त दिसतं, पण साठीच्या पुरुषात त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, ५७ च्या आसपास निघतो. ६० च्या खाली म्हणजे किडनीचं काम कमी झालेलं असू शकतं. जास्त प्रोटीनने किडनीच्या गाळण्यांवरचा दाब वाढतो. धडधाकट किडनी तो सहसा सोसते, शुगरने ताणलेलीला जड जातो. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आजच करून घ्या. ३० च्या वर आलं तर प्रोटीन गळतंय असं समजा आणि नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा. दोन्ही तपासण्या तीन महिन्यांनी पुन्हा करा. तोवर किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे ७० किलो वजनाला रोज ५६ ग्रॅम, तेही जेवणातूनच. घाबरून त्याहून कमी मात्र करू नका, या वयात स्नायू लगेच झडतात.