मदत हवी आहे: संपादकांना पाठवायचा ईमेल

मैत्रीण जुनी पुस्तकं पुन्हा बांधून देते. तिच्यावर लेख व्हावा म्हणून स्थानिक वृत्तपत्राच्या पुरवणी संपादकांना लिहितेय. ‘उद्योजिकेची यशोगाथा’ असा विषय दिला तर सरळ जाहिरात वाटेल, म्हणून असा मसुदा केलाय:

‘विषय: लेखासाठी कल्पना – सुटलेली पानं शिवणारी बाइंडर

महोदय, शाळा सुरू होताना ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं हिच्याकडे येतात. काही दुरुस्त होतात, काहींचा कागदच सुईला टिकत नाही. काम सुरू असताना वार्ताहर आणि छायाचित्रकार येऊ शकतील. ग्रंथपालही बोलायला तयार आहेत.’

खाली नाव, फोन. मैत्रीण म्हणते दरपत्रक जोड. मला ते नको वाटतं. शाळा उघडायच्या किती आधी पाठवू? फोटो सोबत जोडू की मागितल्यावर देऊ? पुरवणीत काम केलेलं कुणी आहे का इथे?