मदत हवी आहे: शाळेच्या कॅन्टीनला पत्र
माझ्या मुलीला टाइप १ डायबिटीस आहे. मधल्या सुट्टीत खाण्याआधी कार्ब्स मोजून इन्सुलिन घ्यावं लागतं, म्हणून कॅन्टीनवाल्या काकांना पत्र लिहितेय. नुसते मॅक्रो, म्हणजे कार्ब्स, प्रोटीन, फॅटचे आकडे मागितले तर ते गोंधळतील, त्यापेक्षा वजनंच विचारते: पाव किती ग्रॅमचा, वड्यात बटाटा किती, बेसन किती, तेल कोणतं. पावाच्या वजनाच्या साधारण निम्मे कार्ब्स, म्हणजे ५० ग्रॅमच्या पावात २५ ग्रॅम; बटाटा-बेसनाचे वेगळे. फॅटही कळायला हवं, कारण तळलेलं खाल्लं की साखर उशिरापर्यंत चढत राहते. पाववाला बदलला तर कळवा, हेही लिहू ना? पत्र थेट काकांना देऊ की मुख्याध्यापिकाबाईंमार्फत? कुणी असं पत्र दिलं असेल तर मजकूर पाठवा, प्लीज.