प्रतिसाद: ग्रुपवरच्या कुरबुरीतून फॅसिलिटीला मेल

«ऑफिसच्या प्रिंटरवरून ग्रुपवर नुसतं चाललंय: ‘परत अडकला’, ‘अकाउंट्सवाले जाड कागद घालतात’. मेलमध्ये लिहू काय?»

नावं गाळा, पण जाड कागदाचा मुद्दा ठेवा; तंत्रज्ञाला तोच धागा लागतो. आधी दोन्ही ट्रेमधून प्रिंट काढून बघा. एकाच ट्रेचा कागद अडकत असेल तर बहुधा त्याचा कागद आत ओढणारा पिकअप रोलर झिजलेला असतो. दोन्हींचा अडकला तर बिघाड आत, पुढच्या मार्गावर. एवढं कळवलं की माणूस योग्य सुटा भाग घेऊन येतो, दुसरी खेप वाचते. आमच्या महापेच्या ऑफिसातून गेलेला मेल असा होता:

«विषय: प्रिंटर दुरुस्ती, तिसरा मजला, पॅन्ट्रीशेजारी
मालमत्ता क्रमांक स्टिकरच्या फोटोत आहे. सोमवारपासून ट्रे 2 मधून कागद अडकतो, ट्रे 1 व्यवस्थित चालतो. स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो जोडला आहे. ट्रे 2 मध्ये जाड कागद वापरला गेल्याची शक्यता आहे. नवीन रीम घालूनही फरक नाही. चलनं छापायची असल्याने दुरुस्ती शुक्रवारपूर्वी हवी. दुपारी 3 नंतर मशीन मोकळं असतं.»

पावसाळ्यात नवीन रीमची चाचणी वगळू नका, दमट कागदही असाच अडकतो. तिकीट क्रमांक आला की ग्रुपवर टाका, म्हणजे एकाच बिघाडाच्या चार तक्रारी जात नाहीत.