मदत हवी आहे: कांदा फ्लेक्सच्या युनिटचा डीपीआर बँकेने परत पाठवलाय, नेमकं काय चुकलं?

येवल्याची_सून: नमस्कार मंडळी. घरचा कांदा आहे म्हणून वाळवून फ्लेक्स करायचं छोटं युनिट टाकतेय. पीएमएफएमई योजनेतून 24 लाखांचा प्रोजेक्ट, त्यात ड्रायर-कटर वगैरे 16, शेड 5 आणि खेळतं भांडवल 3. रिपोर्ट तालुक्यातल्या एकाकडून 8 हजार देऊन करून घेतला, बाइंडिंग एकदम झकास पण बँकेतल्या साहेबांनी उत्पन्नाच्या पानावर पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "100 किलोतून 20 किलो माल कसा काढला?" मला काही सांगता आलं नाही. 20 टक्के चूक आहे का? रोज 250 किलो कांदा धरलाय, महिन्याला 25 दिवस, लाईटबिल 12 हजार, विक्री 170 रुपये किलो.

भाऊ_निफाड: अहो ताई एवढं टेन्शन नका घेऊ, 35 टक्के सबसिडी आहे ना, 24 लाखाचे 8 लाख 40 हजार सरकार देणार, उरलेल्याचाच हप्ता भरायचा. साहेबांना नीट पटवून सांगा.

वाळवण_22वर्षे: भाऊ, 35 टक्के बरोबर, बाकीचं अर्धवट. खेळत्या भांडवलावर सबसिडी नाही, म्हणजे 21 लाखावर धरा, 7 लाख 35 हजार होतात. आणि ते पैसे हातात येत नाहीत, बँकेत वेगळे पडून राहतात आणि 3 वर्षं खातं नीट चाललं तरच कर्जात वळते होतात. तोवर धंद्यातूनच हप्ता निघाला पाहिजे, म्हणून तर साहेब त्या पानावर अडले.

आता ताईंचा प्रश्न. घरचा कांदा लाल किंवा गावठीच असणार. 100 किलोतून साल, मुळं, शेंडे आणि सडका काढला की 86 किलो उरतो. त्यात पाणी सोडून घट्ट भाग साधारण 12 टक्के, म्हणजे 10 किलो, सुकल्यावरही 5-6 टक्के ओल राहते ती धरून 11 किलो. 20 कुठून आणले कोण जाणे. भावनगरकडे महुव्याचे कारखाने पांढरा कांदा उगीच घेत नाहीत, त्यात घट्ट भाग जास्त असतो.

आता हिशोब बघा. कांदा 12 रुपये धरला तर 1 किलो फ्लेक्सला 9 किलो लागतो, 108 रुपये झाले. तुमच्या रिपोर्टात 5 किलो म्हणजे 60 दाखवले असतील. त्याच किलोमागे पावणेसात लिटर पाणी उडवायचं असतं, इलेक्ट्रिक ड्रायरला लिटरला सव्वा युनिटच्या आसपास पकडा. 8 रुपये दराने 68 रुपये. मजुरी अजून मांडलीच नाही आणि 170 ची विक्री संपली! महिन्याचं लाईटबिल 45 हजारांवर जाईल, 12 नाही.

माझा_पापड_उद्योग: आमचं पण असंच झालं, पण आम्हाला फूड लायसन्ससाठी अडवलं होतं. ताई तुम्ही ते काढलं का? नाहीतर साहेब पेन्सिल घेऊनच बसणार.

येवल्याची_सून: दादा, लायसन्स नाही, उत्पन्नाचं पान अडलंय 🙂

वाळवण_22वर्षे, तुमचं वाचून काल 10 किलो कांदा चिरला, पत्र्यावर कापडाखाली वाळवला, कडक होऊन हातात चुरा व्हायला लागेपर्यंत ठेवला. 1 किलो 140 ग्रॅम भरला. सासूबाई म्हणाल्या एवढ्याशा भांड्यात मावला होय! म्हणजे तुमचंच खरं. पण मग धंदाच बसत नाही का?

वाळवण_22वर्षे: या हिशोबात नाही बसत. दोन मार्ग दिसतात. ड्रायर लाकडाचा किंवा ब्रिकेटचा घ्या, वीज फक्त पंख्याला. किंवा बाजारात फेकून देतात तो गोल्टी-जोड कांदा धरा, पण सोलायला मजुरी दीडपट लागते, ती मांडा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला कांदा चढतो तेव्हा काय करणार तेही लिहा. वर्षाचे 300 दिवस भरवलेला रिपोर्ट कुणालाच पटत नाही. पहिल्या वर्षी 50-60 टक्के क्षमताच दाखवा.

एक सांगतो, 8 हजार उगाच गेले. योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती असतात, कृषी खात्यामार्फत. रिपोर्ट आणि बँकेचं काम ते अर्जदाराकडून पैसे न घेता करतात. तालुका कृषी कार्यालयात विचारा. पण आकडे तुमचे तुम्हीच तपासा, ते पण कधीकधी जुनाच रिपोर्ट नाव बदलून देतात.

भाऊ_निफाड: लाकडाचा ड्रायर म्हणजे मालाला धुराचा वास, एक्स्पोर्टवाला घेत नाही. माझ्या मेहुण्याचा माल परत आला होता.

वाळवण_22वर्षे: हीट एक्स्चेंजर असेल तर धूर मालाला लागत नाही. मेहुण्याचा गळत असेल. मात्र मशीनवाल्याकडे स्वतःचा 50 किलो कांदा नेऊन चालवून बघितल्याशिवाय कोटेशन घेऊ नका.

येवल्याची_सून: मशीनवाला म्हणतोय "ताई माल घेऊन या, पण कांद्याऐवजी टोमॅटो चालवा, त्यात फायदा." तिथे तर पाणी अजून जास्त ना? कुणी टोमॅटो केलाय का? बँकेत सोमवारी जायचंय.