मदत हवी आहे: हॉलिडे क्लबचं सभासदत्व दहा दिवसांच्या आत रद्द करायचंय, पण ते शाखेत बोलावतायत

सुखदा_पुणे
मॉलमधल्या लकी ड्रॉचं गिफ्ट घ्यायला म्हणून रविवारी, 8 तारखेला गेलो आणि तीन तासांनी 25 वर्षांच्या सभासदत्वावर सही करून बाहेर पडलो. किंमत 3,20,000. क्रेडिट कार्डवर 60,000 भरले, उरलेल्या 2,60,000 चं कर्ज तिथेच एका फायनान्स कंपनीकडून करून दिलं. 36 हप्ते, ऑटो डेबिटची परवानगीही घेतली. करारात 'सहीपासून दहा दिवसांत लेखी कळवून रद्द करता येईल' असं आहे. सोमवारपासून फोनवर सांगतेय, तर रोज वेगळा माणूस लहान प्लॅन गळ्यात मारायला बघतो. आता म्हणतात, रद्द करायचा फॉर्म शाखेतच मिळतो, 19 ला या. आज 13. जावं का?

टेम्सकाठचा
एवढी घाई नको. कूलिंग-ऑफ, म्हणजे करारातून माघार घ्यायचा काळ, कायद्यानेच 14 दिवसांचा असतो आणि तोवर त्यांना पैसे घेताच येत नाहीत. त्यावरच अडवा.

कलमबहाद्दर
टेम्सकाठचा, तो ब्रिटन आणि युरोपचा नियम. भारतात टाइमशेअरसाठी, म्हणजे अशा हॉलिडे क्लबांसाठी, असा वेगळा कायदा नाही. इथे मुदत करारात लिहिली असेल तेवढीच, म्हणून सुखदाताईंना 14 दिवस धरून चालणार नाही.

ताई, 8 तारीख धरून मोजलं तर दहावा दिवस 17 ला येतो, सोडून मोजलं तर 18 ला. वाद नको, 17 च धरा. 19 ची तारीख तुम्हाला का दिली ते यावरून कळेल. फोनवर सांगितलेलं 'लेखी' ठरत नाही, आणि त्यांना तेच हवंय.

आज रात्रीच करारात दिलेल्या ईमेल पत्त्यावर मेल करा. त्यात सभासद क्रमांक, सहीची तारीख, रद्द करण्याचं कलम, आणि 'मी सभासदत्व रद्द करत आहे, भरलेले 60,000 परत करावेत आणि कर्ज बंद करून तसं पत्र द्यावं' एवढंच. 'रद्द करू इच्छिते' किंवा 'विचार करत आहे' लिहू नका, त्याची ते 'चौकशी' म्हणून नोंद करतात. कारणही देऊ नका, कारण दिलं की त्यावर तोडगा घेऊन फोन येतो. हेच पत्र उद्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा.

बाबुराव_निवृत्त
स्पीड पोस्ट नको, रजिस्टर्ड एडीच करा. कोर्टात तेच चालतं.

कलमबहाद्दर
काका, 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. खिडकीवर 'रजिस्ट्रेशनसह आणि पोच हवी' असं सांगायचं.

आता कर्ज. इथेच लोक फसतात. क्लब रद्द झाला म्हणून कर्ज आपोआप बंद होत नाही, ते वेगळ्या कंपनीशी झालेला वेगळा करार आहे. म्हणून तोच मेल फायनान्स कंपनीलाही पाठवा. डिजिटल कर्जालाही रिझर्व्ह बँकेच्या नियमाने स्वतःची माघारीची मुदत असते, पण ती फार लहान असू शकते. किती ते कर्जाच्या मुख्य तथ्य पत्रकात बघा. ती संपली असेल तरी क्लबने पैसे परत केल्यावर कर्ज बंद होतं. तोवर रागाने बँकेत ऑटो डेबिट थांबवू नका, हप्ता चुकला तर नोंद तुमच्या सिबिलवर होईल.

गोव्याला_जाऊया
माझं सभासदत्व सहा वर्षं जुनं आहे. दरवर्षी देखभाल शुल्क वाढवतात. मलाही असाच मेल करून पैसे परत मिळतील का?

कलमबहाद्दर
नाही हो, तुमची मुदत कधीच संपली. तो करार मधेच सोडण्याचा प्रश्न आहे, वेगळा धागा काढा.

सुखदा_पुणे
मेल केला, दोघांनाही. दोन रात्रींचं गिफ्ट व्हाउचर मिळालंय, त्याचं काय? आणि फोनचं? डीएनडी चालू आहे तरी येतात.

मृण्मयी_के
व्हाउचर वापरू नका, मेलमध्ये परत देत असल्याचं लिहा. एकदा वापरलं की 'सेवा घेतली' म्हणून रक्कम कापतात.

लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात फोन करायची संमती घेतलेली असते, म्हणून डीएनडी तिथे लंगडा पडतो. 'संमती मागे घेत आहे, यापुढे फक्त ईमेलवर बोला' असा आणखी एक मेल करा. तरी फोन आला तर क्रमांक, तारीख, वेळ टिपून सात दिवसांच्या आत 1909 वर तक्रार द्या. विक्रीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवेत. साध्या मोबाइलवरून येत असतील तर तेही तक्रारीत लिहा. अर्थात एक सिम बंद झालं की दुसरं येतं, पूर्ण शांतता मिळेल असं नाही.

फोनवर ओटीपी मात्र कोणालाच देऊ नका. 'लहान प्लॅन' मान्य केला की तो नवा करार धरला जातो. आणि 'रिफंड विभागातून बोलतोय, आधी जीएसटी भरा' म्हणणारा तर सरळ भामटा.

बाबुराव_निवृत्त
करारात 'वाद फक्त दिल्लीत' असं छापलेलं असतं. मग पुण्यातून काय करणार?

कलमबहाद्दर
ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तशी तरतूद आहे. पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, नोंदवा, बऱ्याचदा तेवढ्यावर हलतात.

सुखदा_पुणे
क्लबचं उत्तर आलं: 'विनंती मिळाली, प्रशासकीय खर्च वजा करून बघू.' करारात अशा वजावटीचा उल्लेख सापडत नाहीये.

कलमबहाद्दर
मग 'कुठल्या कलमाने?' एवढंच लेखी विचारा. 'विनंती' शब्दही खोडून काढा: ही विनंती नाही, सूचना आहे. फायनान्स कंपनीचं प्रोसेसिंग शुल्क मात्र परत येईलच असं मी सांगू शकत नाही, ते त्यांच्या पत्रकावर आहे.