परीक्षेच्या काळात रोझमेरी-पेपरमिंटचा वास: खरंच उपयोग होतो का?

मृणाल, घणसोली
मुलगी बारावीला आहे, बोर्ड संपलं की सीईटी. दुपारी पुस्तक समोर उघडं असतं आणि लक्ष भलतीकडेच. वाशीच्या एका दुकानात सांगितलं की खोलीत रोझमेरी आणि पेपरमिंट तेलाचा डिफ्यूझर लावा, एकाग्रता वाढते, यावर संशोधन झालंय. खरंच झालंय का? आणि घ्यावं का?

शिरीष, नौपाडा
झालंय, आणि नीट झालंय. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात मार्क मॉस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १४४ जणांवर प्रयोग केला. रोझमेरीच्या वासात बसलेल्यांची स्मरणशक्ती बिनवासाच्या खोलीत बसलेल्यांपेक्षा चांगली निघाली. २०१२ मध्ये त्यांनी रक्तही तपासलं. नुसता वास घेऊन तेलातलं सिनिओल नावाचं द्रव्य रक्तात उतरलं होतं, आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांची कामगिरी सरस. म्हणजे ही मनाची समजूत नाही, यामागे रसायन आहे. स्मृतिभ्रंशाची काही औषधं अॅसिटिलकोलीन हे मेंदूतलं स्मरणाला लागणारं रसायन टिकवून धरतात, सिनिओलही त्याच वाटेने जात असावं.

आणि सिनिओल आपल्या नीलगिरी तेलात रोझमेरीपेक्षा जास्त असतं. महागाची बाटली नको असेल तर नीलगिरीचे थेंब टाका, काम तेच होईल.

अनिकेत, कोपरी
शिरीषकाकांशी सहमत. इंजिनिअरिंगला असताना माझ्या खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. रात्री जागायचं असलं की एक तोंडात टाकायची आणि रुमालावर अमृतधारेचा थेंब. झोप अशी उडायची की विचारू नका. गणिताची केटी त्याच जोरावर सुटली. तुम्हीही मुलीला गोळ्या द्या, डिफ्यूझरचा खर्च कशाला?

वृंदा, नेरुळ
मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि हे प्रयोग वर्गात घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिरीषकाकांनी सांगितलेला २००३ चा प्रयोग खरा आहे, पण त्याचा निम्माच निकाल इथे आलाय. रोझमेरीच्या गटाची स्मरणाची गुणवत्ता चांगली निघाली, आणि त्याच गटाचा आठवण्याचा वेग बिनवासाच्या गटापेक्षा कमी निघाला. दोन्ही गोष्टी एकाच निबंधात, शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. दुकानदार पहिली सांगतो, दुसरी सांगत नाही.

मृणालताई, आता हे तुमच्या मुलीच्या पेपरला लावून बघा. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, तिथे पावणेदोन मिनिटांच्या जरा वर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे सुटलेला प्रश्न हेच खरं नुकसान. प्रयोगातला वेगाचा फरक एवढा बारीक होता की त्यावरून तिचे पेपरात अमुक प्रश्न राहतील असं कोणी म्हणू शकत नाही. पण मग त्याच प्रयोगातल्या स्मरणाच्या फरकावरून गुण वाढतील असंही म्हणता येत नाही. घ्यायचे तर दोन्ही निकाल सारख्याच मापाने घ्यायला हवेत.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. त्या १४४ जणांनी अभ्यास केलाच नव्हता. वासाच्या खोलीत बसवलं, संगणकावर शब्द आणि चित्रं दाखवली, थोड्या वेळाने तिथेच, त्याच वासात विचारलं, झालं. तुमची मुलगी घणसोलीच्या खोलीत रोझमेरीच्या वासात रोटेशनल डायनॅमिक्स वाचणार आणि काही आठवड्यांनी वास नसलेल्या केंद्रात संगणकासमोर बसणार. तिला लागू पडेल अशी ही मांडणी या प्रयोगांत नाही. ‘अभ्यासाला उपयोगी’ हा शब्द दुकानात जोडला गेलाय.

२०१२ च्या रक्ताच्या प्रयोगात २० माणसं होती. रक्तातलं सिनिओल आणि कामगिरी एकत्र वर-खाली झाली एवढं त्यात दिसतं. सिनिओलमुळेच झाली का, हे त्यातून कळत नाही, कारण तुलनेला वास नसलेला गटच नव्हता.

अनिकेत, तुमची झोप उडायची यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पेपरमिंटमधलं मेंथॉल थंडाव्याची जाणीव करून देणाऱ्या नसांना चाळवतं, नाकात-घशात गार चटका बसतो आणि माणूस खडबडून बसतो. पण जागं राहणं आणि वाचलेलं लक्षात राहणं ही दोन वेगळी कामं आहेत. शिवाय मृणालताई खोलीतल्या वासाबद्दल विचारताहेत, गोळीबद्दल नाही.

शिरीष, नौपाडा
वेगाचा मुद्दा मान्य, मी तो लिहायला हवा होता. पण पेपरमिंटचं काय? २००८ मध्ये त्याच मंडळींनी पेपरमिंट आणि इलांग-इलांग या फुलाचं तेल ताडून पाहिलं. तिथेही १४४ जण होते. पेपरमिंटने स्मरण सुधारलं आणि माणसं जास्त तरतरीत झाली. दोन वेगळ्या तेलांचे दोन प्रयोग एकाच दिशेला जातात, त्याला काहीच वजन नाही का?

वृंदा, नेरुळ
वजन आहे, काका. म्हणूनच मी ‘थोतांड’ म्हणत नाही. पण दोन्ही प्रयोग एकाच गटाचे आहेत, आणि दुसऱ्यांनी पाहिलं तेव्हा चित्र एवढं स्वच्छ राहिलं नाही. २००१ मध्ये इल्मबर्गर आणि सहकाऱ्यांनी पेपरमिंट, मेंथॉल आणि तुमचं सिनिओलसुद्धा घेतलं आणि प्रतिसादाचा वेग मोजला. तेलामुळे सरळ सरळ फायदा दिसला नाही. मात्र ज्याला तो वास जसा वाटला, आवडला किंवा परिणामकारक वाटला, त्याच्याशी त्याच्या वेगाचा संबंध दिसला. तुमच्या नीलगिरीच्या सल्ल्याचा पायाच सिनिओल आहे. सिनिओल जास्त म्हणजे परिणाम जास्त, हे अजून कोणी दाखवलेलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा १९९१ चा प्रयोग. लोकांना बराच वेळ पडद्याकडे बघत बारीक खुणा टिपायच्या होत्या, कंटाळवाणं काम. मधून मधून पेपरमिंटची झुळूक दिली तर खुणा जास्त टिपल्या गेल्या. पण ‘शांत करणारा’ म्हणून घेतलेल्या एका फुलाच्या वासानेही तेवढंच काम केलं! म्हणजे पेपरमिंटमध्येच काही खास आहे की मधूनच काहीतरी नवीन नाकात गेलं म्हणून मेंदू सावध झाला, हा प्रश्न उघडाच राहतो. आणि वास सतत नव्हता, मधून मधून होता. डिफ्यूझर तासभर चालू ठेवला तर थोड्याच वेळात नाक सवयीचं होतं आणि वास येईनासा होतो.

सुलभाताई, ऐरोली
वृंदाने शेवटी लिहिलंय तिथेच घरोघरी गडबड होते. वास येत नाही म्हणून आई आणखी थेंब टाकते. बाहेरून कोणी खोलीत आलं की त्याचे डोळे चुरचुरतात आणि आत बसलेल्या मुलीचं डोकं दुखत असतं, पण ते अभ्यासाने दुखतंय असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे तर रस्त्याच्या धुळीमुळे खिडक्या बंद, वर एसी. अशा खोलीत माणूस तसाही पेंगतो.

मी बरीच वर्षं नर्स होते. मृणाल, एक गोष्ट आधी बघ. घरात कोणाला फिट येतात किंवा पूर्वी येऊन गेल्यात का? रोझमेरी तेलात सिनिओलबरोबर कापूरही असतो. दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी नीलगिरी आणि कापराच्या तेलांमुळे आलेल्या फिट्सचे रुग्ण नोंदवले आहेत, त्यामुळे शिरीषभाऊ, नीलगिरी टाका हे सरसकट सांगू नका. दमा असेल तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरात तान्हं बाळ असेल तर मेंथॉलचं काहीही त्याच्या नाकाजवळ न्यायचं नाही, त्यांचा श्वास अडकू शकतो. आणि ही तेलं पाण्यात थेंब टाकून प्यायची तर अजिबात नाहीत.

ईशान, मानपाडा
मी यंदा जेईई देतोय. स्मरणशक्तीसाठी नाही, पण मी रोझमेरी लावतो. वास आला की आता मोबाईल बाजूला ठेवून बसायचं, एवढं डोक्यात पक्कं झालंय. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या वासात पाठ केलं तोच वास परीक्षेत असेल तर जास्त आठवतं असं वाचलंय. रुमालाला लावून नेला तर?

वृंदा, नेरुळ
ईशान, त्या कल्पनेला आधार आहे. रेचल हर्झ यांनी १९९७ मध्ये पेपरमिंटसकट काही वास घेऊन हेच पाहिलं. शिकताना आणि आठवताना तोच वास असेल, आणि तो त्या जागेत वेगळा उठून दिसणारा असेल, तर शब्द जास्त आठवले. पण ते शब्दांच्या यादीचं काम होतं, गणितं सोडवण्याचं नव्हे. आणि इथे रोझमेरीची काही जादू उरत नाही, कुठलाही अनोखा वास चालेल. २०२० मध्ये जर्मनीत सहावीच्या ५४ मुलांवर गुलाबाच्या वासाचा प्रयोग झाला. शब्द पाठ करताना आणि रात्री झोपेत तोच वास असला तर शब्द जास्त लक्षात राहिले.

रुमालाचं मात्र केंद्राच्या नियमांवर अवलंबून आहे. शिवाय शेजारी बसलेल्या मुलाला तो वास सहन होईलच असं नाही. तू करतोयस ते, वास आला की बसायचं, मला जास्त पटतं. त्याला रसायनाचा आधारही लागत नाही.

मृणाल, घणसोली
घरात फिट किंवा दमा कोणालाच नाही. समजा आणलंच, तर तिला फरक पडतोय की नाही हे कसं ओळखायचं? ती म्हणेल बरं वाटतंय, पण ते तर नवीन वहीनेही वाटतं.

वृंदा, नेरुळ
रोझमेरीची तुलना ‘काहीच नाही’शी करू नका, दुसऱ्या वासाशी करा, लिंबाच्या तेलाशी समजा. गणिताचे सराव पेपर ती देतेच आहे. प्रत्येक पेपरआधी तिच्या बाबांनी चिठ्ठी काढायची आणि जो वास निघेल तो ती खोलीत यायच्या आधी करून ठेवायचा. गुण आणि सुटलेले प्रश्न बाबांनीच लिहून ठेवायचे, तिला शेवटपर्यंत दाखवायचे नाहीत. वास तिला ओळखू येणारच, पण कुठल्या वासाकडून अपेक्षा आहे हे तिला सांगू नका.

मात्र पेपर सोपा-अवघड असतो, त्यामुळे एकाच मुलीचे गुण तसेही बरेच हलतात. चार-पाच पेपरांत रोझमेरीच्या बाजूने थोडे जास्त आले तर त्यातून काही कळत नाही.

शिरीष, नौपाडा
एवढे पेपर होईपर्यंत सीईटी संपून जाईल. मुलीला वास आवडतोय, तब्येतीला धोका नाही, तर लावून टाकावं. मी नातीला लावणार आहे. पुराव्याची वाट बघत बसायला परीक्षा थांबत नाही.

वृंदा, नेरुळ
लावा की, काका. वास आवडतो म्हणून लावायला माझी हरकत नाही. गुण वाढतील असं सांगून विकायला आहे.

सुलभाताई, ऐरोली
मृणाल, आणलंस तर बाटलीवर वनस्पतीचं लॅटिन नाव छापलेलं बघ. नुसतं ‘फ्रॅगरन्स’ लिहिलं असेल तर तो बहुधा कृत्रिम सुवास असतो, ज्यावर प्रयोग झाले ते तेल नव्हे. पेपरमिंट म्हणून आपल्याकडे पुष्कळदा मेंथा आर्व्हेन्सिस, म्हणजे जपानी पुदिन्याचं तेल मिळतं, खरं पेपरमिंट मेंथा पिपेरिटा. तिने बसायच्या आधी दोन-तीन थेंब, वीस मिनिटांनी बंद, दार किलकिलं. वास येईनासा झाला तरी परत टाकायचं नाही. डोकं दुखलं किंवा खोकला आला तर त्या दिवशीच थांबव.

मृणाल, घणसोली
बरं. आधी दुकानात जाऊन बाटलीवरचं नाव बघते. आणि दुपारी दोन तास एसी बंद करून खिडकी उघडते, धूळ आली तर आली.