मदत हवी आहे: हिमोग्लोबिन फक्त 7.2 असूनही डॉक्टर रक्त चढवू देत नाहीत, कारण रक्त 'फार दाट' आहे. हे कसे शक्य आहे?

कागलकर_शेती

नमस्कार. माझे वडील 68 वर्षांचे आहेत, आमचे गाव कागल तालुक्यात आहे आणि सध्या ते कोल्हापुरातील एका रुग्णालयात दाखल आहेत. गेल्या काही आठवड्यांपासून त्यांना धाप लागते, नाकातून वरचेवर रक्त येते आणि डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे दिसते. तपासणीत हिमोग्लोबिन 7.2, पीसीव्ही म्हणजे रक्तातील लाल पेशींचा वाटा 22 टक्के, एकूण प्रथिने 11.4, त्यांपैकी अल्ब्युमिन 2.9 आणि आयजीएम हे प्रथिन 6200 आले आहे. निदान वाल्डेनस्ट्रॉमचा आजार, म्हणजे आयजीएम फार वाढवणारा रक्ताचा कर्करोग, असे सांगितले आहे.

हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून गडहिंग्लजहून चुलतभाऊ येऊन रक्तदान करून गेले, तर डॉक्टरांनी दोन्ही पिशव्या थांबवल्या आणि आधी प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेला रक्तातील द्रव, बदलू, मग रक्त देऊ असे सांगितले. रक्तात लाल पेशी निम्म्याने कमी असताना ते दाट कसे होईल, आणि दाट रक्त असणाऱ्या माणसाच्या नाकातून ते थांबत का नाही, हे कोणी समजावून सांगेल का? डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे, परंतु आईला कारण सांगता येत नाही.

शाहूपुरी_वाचक

मला वाटते, रक्ताचा दाटपणा म्हणजे लाल पेशींचे प्रमाण. माझे हिमोग्लोबिन 19 होते, हिमॅटोक्रिट म्हणजेच पीसीव्ही 57 होता आणि हातापायांना मुंग्या येत असत. ठराविक दिवसांनी रक्त काढून हिमॅटोक्रिट 45 च्या खाली ठेवायला सांगितले, तसा त्रास कमी झाला. आपल्या वडिलांचा पीसीव्ही 22 आहे, म्हणजे रक्त पाणीदार असायला हवे. अहवालाची अदलाबदल तर झाली नाही ना, हे एकदा पाहावे. नाहीतर रक्त पातळ करण्याची गोळी सुरू करता येईल का, हेही विचारावे.

प्रयोगशाळेतला

मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शाहूपुरी_वाचक यांचे म्हणणे त्यांच्या स्वतःच्या आजाराला अगदी लागू पडते. कारण त्यांचा प्लाझ्मा नेहमीसारखा होता आणि वाढल्या होत्या त्या पेशी. येथे उलट आहे. रक्ताचा दाटपणा ढोबळमानाने दोन गोष्टींच्या गुणाकारासारखा असतो: प्लाझ्मा स्वतः किती दाट आहे आणि त्यात तरंगणाऱ्या पेशी त्याला किती पटीने दाट करतात.

निरोगी माणसाचा प्लाझ्मा पाण्याच्या सुमारे 1.7 पट दाट असतो. हिमॅटोक्रिट 45 असेल तर पेशींमुळे तो आणखी सुमारे 2.8 पट होतो, म्हणजे संपूर्ण रक्त पाण्याच्या जवळजवळ पाच पट. आता समजा, आपल्या वडिलांचा प्लाझ्मा पाण्याच्या 6 पट दाट आहे. एवढ्या आयजीएमला हे अशक्य नाही. पीसीव्ही 22 वर पेशींची पट सुमारे 1.65 राहते, म्हणून रक्त दहा पट होते. त्यात दोन पिशव्या देऊन पीसीव्ही 30 वर नेला, तर पेशींची पट 2 होते आणि रक्त बारा पट. म्हणजे ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता वाढवताना प्रवाहच मंदावतो, कारण नळीचा व्यास आणि दाब तेच असतील तर दाटपणा जितका वाढेल तितकाच प्रवाह घटतो. हे आकडे अंदाजी आहेत आणि वेगाने वाहणाऱ्या रक्तासाठी आहेत. शिरांमध्ये जेथे वेग कमी असतो, तेथे पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि दाटपणा यापेक्षाही अधिक भरतो. ईएसआर, म्हणजे नळीत पेशी खाली बसण्याचा वेग, प्रचंड वाढलेला असेल, तर त्याचे कारणही हेच आहे.

अल्ब्युमिनचे रेणू लहान आणि गोटीबंद असल्यामुळे ते पुष्कळ असूनही प्लाझ्मा फारसा दाट होत नाही. आयजीएम पाच भागांचा मोठा, पसरट रेणू आहे, अल्ब्युमिनच्या सुमारे चौदा पट वजनाचा. त्यामुळे दाटपणा आयजीएमच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. गुऱ्हाळात रस आटताना बराच वेळ पातळच दिसतो आणि काकवीच्या जवळ आला की थोड्याशा आटण्याने एकदम घट्ट होतो, तसाच हा प्रकार आहे.

हीच गोष्ट उपचाराच्या उपयोगाची आहे. आयजीएमचा सुमारे 80 टक्के भाग रक्तवाहिन्यांतच राहतो, म्हणून एका वेळी पूर्ण प्लाझ्मा बदलला की तो निम्म्याहून अधिक कमी होतो आणि दाटपणा त्याहून जास्त वेगाने उतरतो. प्लाझ्मा 6 वरून 3 पटीवर आला तर पीसीव्ही 22 ला रक्त पाच पट, आणि नंतर पीसीव्ही 30 केला तरी सहा पट. त्यामुळे डॉक्टरांनी ठेवलेला क्रम मला योग्य वाटतो.

राजारामपुरी_ताई

माझ्या सासूबाईंना पाय सुजतात आणि रक्त दाट असल्याचे सांगितले आहे. भरपूर पाणी प्यायले तर प्रथिने पातळ होतील का? त्यांना रोज अॅस्पिरिन चालू आहे.

प्रयोगशाळेतला

ताई, आपल्या सासूबाईंचे अहवाल आपण दिलेले नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी मी काही सांगू शकत नाही. मात्र ज्या गोळीला आपण 'रक्त पातळ करणारी' म्हणतो, ती रक्ताचा दाटपणा बदलत नाही. गुठळी होण्याची क्रिया मंदावते, एवढेच. धाग्यातील रुग्णाला ती स्वतःहून देणे तर धोक्याचे आहे. आयजीएम प्लेटलेट्सवर बसतो, त्या नीट चिकटत नाहीत, आणि फुगलेल्या बारीक शिरा फाटतात. नाकातील रक्त थांबत नाही ते यामुळे, म्हणजे दाट रक्त आणि रक्तस्राव दोन्ही एकाच वेळी शक्य आहेत. पाणी पिऊन जास्तीचे प्रथिन जात नाही; फक्त शरीर कोरडे पडू देऊ नये.

कागलकर_शेती

मनापासून आभार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावरच्या शिरा जागोजागी फुगलेल्या आणि मध्येच आवळलेल्या, सॉसेजच्या माळेसारख्या दिसतात असे सांगितले. मग हिमॅटोक्रिट कमी असण्याचा डोळ्याला काहीच फायदा होत नाही का? आणि सिरम व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे पेशींविना द्रवाचा दाटपणा मोजण्याचा, नमुना बाहेरगावी पाठवला आहे, अहवाल यायला वेळ लागेल. तोपर्यंत प्लाझ्मा बदलण्यास थांबावे का?

प्रयोगशाळेतला

फायदा होतो, पण अपुरा. अगदी बारीक वाहिन्यांत पेशी एकामागे एक जातात आणि त्यांच्या मधून प्लाझ्माच वाहतो, म्हणून तेथे प्लाझ्माचा दाटपणा अधिक जाणवतो. पडद्यावरची ही खूण आणि आपण सांगितलेली लक्षणे असताना आकड्याची वाट पाहत बसत नाहीत. डोळ्याच्या पडद्याची तपासणी प्लाझ्मा बदलल्यावर पुन्हा केली, तर सुधारणा डोळ्यांनी दिसते.

सीपीआर_परिसर

मी रक्तपेढीत काम करतो. धाप खूप वाढली किंवा हृदय ताणले गेले, तर पूर्ण थांबणेही बरे नाही. अशा वेळी एक्स्चेंज, म्हणजे प्लाझ्मा बदलणे, चालू असतानाच एखादी पिशवी सावकाश देतात, असे मी पाहिले आहे. शिवाय या आजारात प्लाझ्माचे एकूण प्रमाणही वाढलेले असते, त्यामुळे हिमोग्लोबिन दिसते त्यापेक्षा खरी तूट कमी असू शकते.

प्रयोगशाळेतला

हृदयाच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे; तेथे नियम नव्हे, तर रुग्णाची स्थिती ठरवते. कागलकर यांनी एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारावी. पुढे या आजारावरचे रिटुक्सिमॅब हे औषध देणार असतील, तर पहिल्या आठवड्यांत आयजीएम उलट वाढू शकतो. त्या वेळी प्लाझ्मा पुन्हा बदलण्याची तयारी असेल का, की आयजीएम उतरेपर्यंत ते औषध पुढे ढकलतील?

कागलकर_शेती

उद्या सकाळच्या फेरीला हेच विचारतो. पहिले एक्स्चेंज दुपारी ठेवले आहे आणि पिशव्या रक्तपेढीत राखून ठेवल्या आहेत.